सहेरीची कॉफी

रमजानमध्ये सहेरीला अम्मीला फिल्टर कॉफी लागते. पहाटे डिकॉक्शन गळायला वेळ नसतो, म्हणून ते रात्रीच करून ठेवतो. पूर्वी पहाटे तेच गॅसवर उकळायचो. घरभर वास सुटायचा आणि अम्मी अर्धा कप तसाच ठेवायची. तो वास म्हणजेच कपातून उडालेली चव, हे उशिरा कळलं. शिवाय पुन्हा तापवल्यावर कॉफीतली आम्लं बदलतात, कडवटपणा वाढतो.

आता डिकॉक्शन निवलं की छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवतो. पहाटे लागेल तेवढंच वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात ठेवतो. उकळतो फक्त दूध, आणि ते वरून ओततो. दुसऱ्या दिवशी मात्र वास मंदावतो, म्हणून रोजच्यापुरतंच करतो. अम्मीचा कप आता रिकामा परत येतो.