लॅम्डाच्या तीन जागा

ई. कोलाय जीवाणूंच्या दाट थरावर लॅम्डा फाज सोडला, की दुसऱ्या दिवशी थरात गोल डाग दिसतात. जिथे डाग, तिथले जीवाणू फुटून मेलेले. पण लॅम्डाचा डाग निर्मळ नसतो, मधोमध धुरकट असतो. त्या धुरकटीत जिवंत जीवाणू वाढत असतात आणि त्यांच्या डीएनएत लॅम्डाचा डीएनए जोडला गेलेला असतो. मी फाजांवर काम करते, आणि या धुरकटीमागची यंत्रणा मला आमच्या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

लॅम्डाचा शोध एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी कित्येक वर्षे प्रयोगशाळांमध्ये वाढवल्या जाणाऱ्या के-१२ या जीवाणूत तो गुपचूप वस्तीला होता. लॅम्डा गमावलेला एक वाण त्याच्या शेजारी वाढवला, तेव्हा डाग उमटले आणि हा पाहुणा उघड झाला.

जीवाणूत शिरल्यावर लॅम्डापुढे दोन मार्ग असतात. तासाभराच्या आत शंभरेक प्रती तयार करून जीवाणू फोडायचा, किंवा आपला डीएनए त्याच्या डीएनएत जोडून पिढ्यान्‌पिढ्या सुप्त राहायचे. सुप्तावस्था टिकवायची की मोडायची, हे लॅम्डाच्या सुमारे ४८,५०० अक्षरांच्या डीएनएतल्या एका लहानशा पट्ट्यावर ठरते.

त्या पट्ट्यावर सतरा-सतरा अक्षरांच्या तीन जागा ओळीने आहेत. त्यांच्या एका बाजूला सीआय या प्रथिनाचे जनुक आहे, दुसऱ्या बाजूला क्रो या प्रथिनाचे. दोन्ही प्रथिने दमनकारी, म्हणजे डीएनएवर बसून जनुकाचे वाचन अडवणारी. दोघेही याच तीन जागा ओळखतात, पण त्यांचा पसंतीक्रम उलटा आहे.

सीआय आधी पहिल्या जागेवर बसते आणि तिथून आपल्याच जोडीदाराला दुसऱ्या जागेवर ओढून घेते. या दोन जागा भरल्या की क्रोचे वाचन थांबते. शिवाय दुसऱ्या जागेवरचे सीआय शेजारी आलेल्या आरएनए पॉलिमरेजला आधार देऊन स्वतःच्याच जनुकाचे वाचन सुमारे दहापट वाढवते. सीआय फारच वाढले तर ते तिसऱ्या जागेवरही बसते आणि स्वतःचे उत्पादन आवरते. क्रो मात्र सुरुवातच तिसऱ्या जागेपासून करते. ती जागा भरली, की सीआयचे जनुक बंद.

आता सुप्त लॅम्डा बाळगणाऱ्या जीवाणूवर अतिनील किरण पडले असे समजा. डीएनए दुखावतो, उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेकए प्रथिनाची साखळी तयार होते. ही साखळी सीआयला भेटली, की सीआय स्वतःलाच मधोमध कापते. तुकड्यांची जोडी नीट जमत नाही, त्यामुळे त्यांची डीएनएवरची पकड सुटते.

इथे एक बारकावा फार मोलाचा आहे. सीआय निम्म्यावर आले तरी क्रो जवळजवळ बंदच राहते, कारण एकमेकांना धरून बसलेली प्रथिने सहजी सुटत नाहीत. पण आणखी घट झाली, की पकड एकदम ढासळते. किरकोळ चढउतारांनी सुप्तावस्था मोडत नाही, आणि मोडायचीच वेळ आली तर अर्धवट मोडत नाही. मग क्रो तयार होते, तिसऱ्या जागेवर बसते आणि सीआयला परतण्याची वाट उरत नाही.

प्रयोगशाळेत हे किरणांशिवायही पाहता येते. सीआयचा एक उत्परिवर्तित प्रकार ३० अंशांना धड असतो, ४२ अंशांना निकामी होतो. अशा जीवाणूंचा गढूळ रस्सा ४२ अंशांवर ठेवला, की थोड्याच वेळात जीवाणू फुटू लागतात आणि रस्सा निवळतो.

पाठ्यपुस्तकांत बरेचदा सीआय आणि क्रो यांची कुस्ती रंगवतात आणि लॅम्डा आत शिरला की तीच कुस्ती सगळे ठरवते, असा समज होतो. तो मला अपुरा वाटतो. शिरतानाचा निर्णय मुख्यतः सीटू या तिसऱ्या प्रथिनावर अवलंबून असतो. जीवाणूची प्रथिनभक्षी विकरे सीटूला भराभर नष्ट करत असतात. जीवाणू उपाशी असला, किंवा त्यात एकाच वेळी अनेक लॅम्डा शिरले, तर सीटू तग धरते आणि वेगळ्याच ठिकाणाहून सीआयचे जनुक प्रथम चालू करते. त्यानंतर सीआय स्वतःला सांभाळते. म्हणजे तीन जागांचे काम मुख्यतः घेतलेला निर्णय टिकवण्याचे आणि वेळ आल्यावर तो ठामपणे मोडण्याचे आहे.

१९९९ मध्ये जॉन लिटल आणि सहकाऱ्यांनी या जागांचीच अदलाबदल केली. तिसरीच्या ठिकाणी पहिलीची प्रत बसवली, दुसऱ्या एका फाजात उलट केले. ज्या पसंतीक्रमावर सगळे उभे आहे असे आम्ही शिकवत होतो, तो बिघडवूनही ते फाज सुप्त राहिले आणि किरणांनी जागेही झाले. मात्र जागे होण्यासाठी त्यांना मूळ लॅम्डापेक्षा कमी किरण पुरले.