चुकीच्या उत्तरांची यादी

अकरावी वाणिज्यचा बँक जुळवणी पत्रकाचा धडा आटवून एका पानावर आणला, की त्यात अशा ओळी उरतात : दिलेले पण न वटलेले चेक, मिळवा. भरलेले पण वसूल न झालेले चेक, वजा करा. बँकेने कापलेलं शुल्क, वजा करा. ग्राहकाने परस्पर खात्यात भरलेले पैसे, मिळवा. मुलांना हे पान फार आवडतं, कारण ते पाठ होतं. मला त्यावरून सोप्यापासून अवघडापर्यंत सरावाचे प्रश्न काढायचे असतात, आणि त्यासाठी पहिलं काम म्हणजे पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीपुढे ‘कुठून निघालो?’ असं लिहिणं.

कारण आटवताना नेमकी अट गळून पडलेली असते. ‘मिळवा’ हे खरं आहे, पण रोखपुस्तकाची नावे शिल्लक धरून निघालो आणि पासबुकाच्या शिलकीपर्यंत जायचं असेल तरच. पासबुकाकडून उलट निघालो की तीच रक्कम वजा होते. मूळ धड्यात हे दोन-तीन परिच्छेद खर्चून सांगितलेलं असतं. सारांशात एक शब्द उरतो. सरावाचे प्रश्न ती गळालेली अट मुलाच्या हातून परत उभी करून घेतात. ते साधलं नाही, तर मूल तेच पान पुन्हा पाठ म्हणून दाखवतं, फक्त आकड्यांसकट.

म्हणून सर्वांत सोप्या पायरीवर मी आकडेमोड ठेवतच नाही. ‘बँकेने खात्यातून शुल्क कापले. ही गोष्ट कोणत्या पुस्तकाला कळली आहे आणि कोणत्या पुस्तकाला अजून कळलेली नाही?’ एवढाच प्रश्न. दुसरा : ‘आपण व्यापाऱ्याला चेक दिला, त्याने तो अजून बँकेत टाकलेला नाही. कोणाला कळलंय?’ इथे शुल्काच्या उलट उत्तर येतं : आपल्या पुस्तकात पैसे गेलेले आहेत, बँकेत अजून पडून आहेत. हा एक विचार बसला की मिळवा-वजा पाठ करायची गरजच राहत नाही. पुष्कळ प्रश्नसंच ही पायरी गाळून एकदम पाच बाबींच्या उदाहरणावर उडी मारतात. मग मूल अडलं तर नक्की कुठे अडलं, ते कुणालाच सांगता येत नाही.

त्यानंतर एक शिल्लक, एक बाब. मग पाच बाबी. या मधल्या पायरीसाठी मी वापरतो ते उदाहरण असं. 31 मार्चला रोखपुस्तकानुसार बँकेत 18,400 रुपये नावे शिल्लक. दिलेले पण न वटलेले चेक 3,200. भरलेले पण वसूल न झालेले चेक 5,000. बँक शुल्क 150. ग्राहकाने परस्पर भरलेले 1,700. स्थायी सूचनेनुसार बँकेने भरलेला विम्याचा हप्ता 820. मिळवायचे 4,900, वजा करायचे 5,970, पासबुकानुसार शिल्लक 17,330.

यातला एकही आकडा सहज सुचला म्हणून घातलेला नाही. मुलाने एखादी बाब उलट बाजूला घेतली, तर उत्तर त्या बाबीच्या दुपटीने चुकतं. चेकचे 3,200 वजा केले तर 10,930 येतात. विम्याचे 820 मिळवले तर 18,970. शुल्क मिळवलं तर 17,630. एखादी बाब विसरला तर चूक एकपटीची : शुल्क राहिलं तर 17,480, ग्राहकाचे पैसे राहिले तर 15,630. सगळंच उलटं केलं तर 19,470. या प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं आहे, आणि ते तसं यावं म्हणूनच आकडे निवडलेले आहेत. मुलाने वहीत नुसतं ‘18,970’ लिहून आणलं, पायऱ्या दाखवल्या नाहीत, तरी मला विम्याकडे बोट दाखवता येतं.

आता हेच आकडे निष्काळजीपणे घेतले तर? न वटलेले चेक 2,000 आणि वसूल न झालेले चेकही 2,000 ठेवले, तर दोन्ही उलट करणाऱ्या मुलाचं उत्तर बरोबर येतं. एक वजा बाब 1,000 आणि दुसरी 500 ठेवली, तर पहिली विसरणारा आणि दुसरी उलट करणारा यांची उत्तरं सारखीच. छापील सरावसंचांत असे गोल आणि जुळे आकडे जागोजागी भेटतात. बेरीज सोपी व्हावी म्हणून ते घेतलेले असतात, हे मला कळतं. पण चुकलेल्या मुलाला तो सोपेपणा महाग पडतो.

त्यामुळे माझ्या उत्तरसूचीत बरोबर उत्तराखाली चुकीच्या उत्तरांची एक छोटी यादी असते. प्रत्येक उत्तरापुढे चूक कोणती ते एका ओळीत, आणि कोणत्या सोप्या प्रश्नाकडे परत जायचं त्याचा क्रमांक. ही यादी करायला प्रश्न लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो. सगळ्या शक्य चुका तिच्यात मावत नाहीत. दोन चुका एकदम झाल्या की यादी थिटी पडते. पण एक-एक चूक करणारी मुलंच जास्त असतात.

पुढची पायरी चढवताना मी बहुतेकदा तेच उदाहरण उलटं करतो. पासबुकानुसार 17,330 जमा शिल्लक, त्याच पाच बाबी, रोखपुस्तकाची शिल्लक काढा. उत्तर 18,400 यायला हवं, आणि मुलाकडे ते आधीच्या प्रश्नात लिहिलेलं आहे. तरीही पान पाठ केलेलं मूल 4,900 मिळवून आणि 5,970 वजा करून 16,260 लिहून आणतं, मागचं पान उलटूनही पाहत नाही. आकडे नवे नाहीत, बेरीज-वजाबाकी तेवढीच आहे. वाढला आहे तो एक निर्णय. अवघडपणा मोजायचा तर मी निर्णयांत मोजतो. आठ बाबी देऊन लांबवलेलं उदाहरण लांब होतं, वरच्या पायरीचं होत नाही.

ओव्हरड्राफ्ट हा असाच एक वाढीव निर्णय. रोखपुस्तकानुसार 6,000 रुपयांचा ओव्हरड्राफ्ट, बाबी त्याच. उत्तर 7,070 रुपयांचा ओव्हरड्राफ्ट. पुष्कळ ठिकाणी ‘ओव्हरड्राफ्ट असला की सगळं उलट’ असं शिकवतात. उत्तर येतं, पण तो दुसरा पाठांतराचा थर झाला. मी सूचीत 6,000 च्या आधी वजा चिन्ह लावून तीच जुनी मांडणी करून दाखवतो : खात्यात शिल्लक उणे सहा हजार आहे, न वटलेल्या चेकमुळे ती बँकेच्या लेखी थोडी कमी उणे आहे. जो 6,000 ला साधी शिल्लक समजतो, त्याचं उत्तर 4,930 येतं आणि सूचीत ते ओळखू येतं.

खरा अवघड प्रश्न मात्र बाबी शोधून काढायला लावतो. ‘मार्चमध्ये 9,700 रुपयांचे चेक दिले, त्यापैकी 6,500 रुपयांचे महिनाअखेर वटले. 8,000 रुपयांचे चेक भरले, त्यापैकी 3,000 रुपयांचे जमा झाले. 21 मार्चला 2,500 रुपये रोख बँकेत भरले, ते त्याच दिवशी पासबुकात दिसले. रोख विक्रीचे 540 रुपये भरले, पण रोखपुस्तकाच्या बँक रकान्यात 450 लिहिले गेले.’ बाकी शुल्क, ग्राहक, विमा तसेच. उत्तर 17,420. इथे 2,500 रुपयांचं काहीच करायचं नाही, आणि काहीच न करणं हे मुलांना सर्वांत जड जातं. दिलेली रक्कम वापरली नाही तर गुण जातील असं त्यांना वाटतं. मिळवली तर 19,920 येतात.

540 चे 450 हेही ठरवून आहे. अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ताळेबंद जुळत नसला की जुने मुनीम फरक आधी निम्मा करून पाहत आणि मग नऊने भागून. मुलांनाही ती सवय लागावी म्हणून इतर कोणत्याही बाबीला नऊने भाग जाणार नाही याची मी काळजी घेतो. विम्याचा हप्ता 900 ऐवजी 820 ठेवला आहे तो त्यासाठी. 900 असता तर विमा विसरलेलं उत्तर आणि 90 विसरलेलं उत्तर दोन्ही नऊच्या कसोटीत अडकले असते, आणि मूल चुकीच्या ओळीत चूक शोधत बसलं असतं.

सर्वांत वरच्या पायरीवरचा प्रश्न सारांशातून निघतच नाही, त्यासाठी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट ठाऊक असावी लागते. 1 एप्रिल 2012 पासून चेकची मुदत तीन महिने आहे. समजा, न वटलेल्या 3,200 पैकी 700 रुपयांचा चेक 20 डिसेंबरचा आहे. 31 मार्चला तो बाद झालेला आहे. बँक आता तो वटवणार नाही. नुसती पासबुकाची शिल्लक विचारली तर उत्तर 17,330 च येतं, मुदतीची गोष्ट लक्षात आली काय आणि न आली काय. चुकीचं उत्तर इथे दिसतच नाही. त्यामुळे प्रश्न बदलावा लागतो : आधी रोखपुस्तक दुरुस्त करा, मग जुळवणी पत्रक करा. दुरुस्त रोखपुस्तकात ग्राहकाचे 1,700 आले, शुल्क आणि विमा गेला, आणि बाद चेकचे 700 परत नावे बाजूला आले, की शिल्लक 19,830 होते. न वटलेले चेक उरतात 2,500, वसुलीचे 5,000 वजा, पुन्हा 17,330. ज्याने बाद चेक ओळखला नाही, त्याचं दुरुस्त रोखपुस्तक 19,130 दाखवतं आणि पत्रक तरीही जुळतं. या प्रश्नाच्या सूचीत मी शेवटच्या शिलकीला एकच गुण ठेवतो.