‘उर्मट’ म्हणजे नेमकं काय झालं?

कारखान्यात भांडण झालं की पर्सोनेल खात्याकडे येणारा पहिला कागद जवळजवळ एकाच साच्यातून काढलेला असतो. माझ्या टेबलावर आलेला असाच एक : ‘सदर कामगार हा नेहमीच उर्मटपणे वागत असून आज त्याने मुद्दाम मशीन बंद ठेवले व जाब विचारला असता सर्वांसमोर शिवीगाळ करून माझ्या अंगावर धावून आला. तरी त्याच्यावर कडक कारवाई व्हावी, ही विनंती.’ खाली सुपरवायझरची सही, आणि सहीचं पेन इतकं दाबलेलं की मागच्या बाजूने अक्षरं हाताला लागत होती.

माणूस खोटारडा नव्हता. पण या कागदावरून मशीनपाशी काय घडलं ते मला कळेना. नेहमीच, उर्मट, मुद्दाम, शिवीगाळ, धावून आला. हे सगळे निकाल आहेत, आणि ज्यावरून निकाल द्यायचा तो प्रसंगच कागदावर नाही. असे शब्द बदलायचे म्हटलं की लोकांना वाटतं, आता हा कामगाराला वाचवणार. वाचवण्याचा प्रश्न नसतो. ‘उर्मट’ हा शब्द काढला की त्या जागी खड्डा दिसतो, आणि तो खड्डा भरायला लिहिणाऱ्याला पुन्हा त्या मशीनपाशी जाऊन उभं राहावं लागतं.

‘मुद्दाम’पासून सुरुवात केली. दुसऱ्याच्या मनातला हेतू कुणाला दिसत नाही. दिसतं ते एवढंच की मशीन बंद होतं. कधीपासून? सुपरवायझर म्हणाले, दुसरी शिफ्ट तीनला सुरू झाली, मी साडेतीनला राउंडला गेलो तेव्हा लेथ उभा होता. मग ऑपरेटर काय म्हणाला? ‘काहीतरी क्वालिटीचं कारण सांगत होता.’ हे ‘काहीतरी’ मी सोडलं नाही. पहिल्या शिफ्टने जाताना टूलचा इन्सर्ट बदलला होता. इन्सर्ट बदलला की पहिला पीस क्वालिटीकडून पास झाल्याशिवाय पुढचे काढायचे नाहीत, हा आमच्याकडचा नियम. पीस तपासायला दिला होता आणि रिपोर्टवर सही व्हायची होती. अहवालात वाक्य असं झालं : ‘3.30 वाजता मशीन बंद होते. पहिला पीस पास होऊन आलेला नाही, असे ऑपरेटरने सांगितले. क्वालिटीच्या रजिस्टरमध्ये त्या पीसवर 3.40 ची सही आहे.’ ‘मुद्दाम’ गेला आणि त्याच्या जागी एक रजिस्टर आलं.

इथे ‘सांगितले’ हे क्रियापदही जपून निवडावं लागतं. ‘असा बहाणा केला’ लिहिलं तर निकाल लागलाच. ‘कबूल केले’ लिहिलं तर सांगणारा आधीच गुन्हेगार ठरतो. ‘सांगितले’ आणि ‘म्हणाले’ हे दोन शब्द कंटाळवाणे आहेत खरे, पण अहवालात कंटाळवाणं असणं परवडतं.

‘शिवीगाळ’च्या बाबतीत उलट चूक होते. सभ्य माणसं त्या ठिकाणी ‘अपशब्द वापरले’, ‘शाब्दिक चकमक झाली’ असं लिहितात आणि समजतात की भाषा तटस्थ झाली. ती फक्त गुळमुळीत झाली. चकमकीत तर कोण बोललं तेही बुडून जातं. तटस्थ लिहायचं म्हणजे उच्चारलेले शब्द जसेच्या तसे अवतरणात घालायचे, मग ते कितीही ओंगळ असोत. एकेरीवर आला असेल तर ते वाक्य एकेरीतच हवं. सुपरवायझर आधी सांगायलाच तयार नव्हते. शेवटी म्हणाले, ‘तुझ्या बापाची कंपनी आहे का?’ असं तो म्हणाला. आईबहिणीवरून काही? नाही. बस, एवढंच. पण चारचौघांत, आणि ‘तुझ्या’ म्हणून.

या तपशिलाला किंमत किती, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दोन प्रकरणांत दिसतं. शिवीगाळीवरून कामावरून काढलेल्या वेदप्रकाश गुप्ता यांच्या प्रकरणात 1984 साली ती शिक्षा प्रमाणाबाहेर ठरली. 2005 साली महिंद्र आणि महिंद्र विरुद्ध नरवडे या प्रकरणात वरिष्ठाला केलेल्या शिवीगाळीसाठी बडतर्फी कायम राहिली. दोन्हीकडे आरोपाचं नाव एकच. म्हणजे नुसत्या त्या नावावरून काहीच ठरत नाही. काय बोललं, कुणाला, कशावरून, हे कागदावर नसेल तर वर बसलेल्या माणसाने मोजायचं कशाने?

‘अंगावर धावून आला’ हे मी सुपरवायझरांना करूनच दाखवायला सांगितलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून दोन पावलं माझ्याकडे आले आणि तर्जनी पुढे केली. हातात काही होतं? ‘हातमोजे होते, काढलेले.’ स्पर्श? नाही. ‘ऑपरेटर दोन पावले पुढे आला व बोट दाखवून बोलला. अंतर सुमारे हातभर होते. स्पर्श झाला नाही.’ हे लिहिल्यावर ते जरा खट्टू झाले. प्रसंग त्यांच्या आठवणीत याहून मोठा होता.

‘नेहमीच’ला एकच प्रश्न पुरतो : आधीचा मेमो दाखवा. मेमो नव्हता. शब्द गेला.

पण शब्द कितीही धुऊन काढले तरी पक्षपात आणखी एका जागी लपतो, तो म्हणजे सुरुवात कुठून करायची यात. माझ्या मसुद्यात भांडण ऑपरेटरच्या वाक्यापासून सुरू होत होतं, कारण तक्रारीतही ते तिथूनच सुरू होत होतं. एकही शब्द भडक नाही, तरी वाचणाऱ्याला दिसणार तो फक्त ऑपरेटर. ‘बापाची कंपनी’ हे काही कुणी शांततेत उभ्या उभ्या म्हणत नाही. म्हणून विचारलं, त्याच्या आधीचं वाक्य कुणाचं? थोडं थांबून उत्तर आलं, ‘मी म्हणालो होतो, तुला पगार काय झोपायला देतात का.’ तेही अवतरणात गेलं, वेळेच्या क्रमाने, 3.30 च्या ओळीखाली. ‘त्यामुळे’ असा जोडशब्द मी घातला नाही. दोन वाक्यं एकाखाली एक आली की वाचणारा काय ते जोडतो.

मसुदा वाचून सुपरवायझर म्हणाले, ‘साहेब, सगळं बरोबर आहे, पण यात माझा अपमान कुठे गेला?’ प्रश्न रास्त होता. तटस्थ भाषेच्या नादात लोक भावनाच पुसून टाकतात, आणि मग तक्रारदाराला वाटतं की आपलं कुणी ऐकलंच नाही. ‘त्याने माझा अपमान केला’ हा आरोप आहे, पण ‘चार हेल्परसमोर एकेरीत बोलल्याने मला अपमान वाटला’ हे त्यांच्या स्वतःबद्दलचं निवेदन आहे, आणि ते देण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कुणालाच नाही. ते वाक्य त्यांच्या नावाने ठेवलं. शिवाय त्यांची मूळ तक्रार, ‘उर्मट’ आणि ‘मुद्दाम’सकट, एका अक्षराचाही बदल न करता अहवालाला जोडली. दुसऱ्याच्या सहीच्या कागदावर आपली लेखणी चालवायची नसते. बदलायची ती आपल्या अहवालातली भाषा.

हे साक्षीदारांना तर जास्तच लागू. हेल्परांचे जबाब माझ्या हाताखालच्या क्लार्कने घेतले, आणि चौघांच्याही कागदावर ‘सुमारे हातभर अंतर’ असं आलं. माझा मसुदा त्याने वाचला होता, हे उघड होतं. चौकशीत पहिल्याच उलटतपासणीला कामगाराच्या प्रतिनिधीने ते चार कागद शेजारी शेजारी मांडले असते आणि खरं घडलेलंही पढवलेलं ठरलं असतं. जबाब पुन्हा घेतले, प्रत्येकाचा वेगळा, ज्याच्या त्याच्या बोलीत. त्यातला एक म्हणाला, ‘लई आवाज झाला म्हून मी वळून बघितलं, तर साहेब लालबुंद झाल्याले.’ क्लार्कने विचारलं, हे ‘लालबुंद’ काढू का? म्हटलं, राहू दे, ते त्याने पाहिलंय.