कोरी जागा

माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ दाक्षिणात्य वस्ती फार जुनी. पहाटे तेथल्या फुलबाजारात मोगऱ्याच्या आणि अबोलीच्या माळांचे ढीग लागतात व देवळांतून नादस्वराचे सूर ऐकू येतात. अशाच एका लहानशा देवळाच्या मागील अंगणात पत्र्याच्या छपराखाली एक वृद्ध शिल्पकार काम करीत बसत असत. ते मूळचे महाबलीपुरमकडचे. पण मुंबईत आयुष्य गेल्यामुळे मराठी चांगले बोलत. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

त्यांच्या हाताखाली तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा शिकत होता. त्याचे वडील पाथरवट. जात्या-पाट्याला टाकी लावीत ते परळ-लालबागच्या चाळींतून हिंडत. मुलाचा हात बापासारखाच स्थिर होता. शाळा सुटली की तो छपराखाली येई आणि छिन्नीला धार लावण्यापासून दगड घासण्यापर्यंत सांगाल ते काम करी.

एके दिवशी देवळाच्या कोठीतून एक शिळा बाहेर काढण्यात आली. तीवर नृत्य करणारा चतुर्भुज शंकर कोरलेला होता. पूर्वी ती बाहेरच्या भिंतीतील उंच कोनाड्यात होती. ती खाली पडून भंगली आणि तुकडे कोठे गेले ते कोणाला ठाऊक नव्हते. भग्न मूर्तीची पूजा होत नाही. म्हणून तशीच नवी मूर्ती घडवून त्या कोनाड्यात बसवायची होती.

अण्णांनी शिळा मुलापुढे ठेवली. देवाचे मुख आणि छाती शाबूत होती. वरच्या उजव्या हातात डमरू होता. खालचा उजवा हात अभय देत होता. डावे दोन्ही हात मात्र नव्हते आणि पाय गुडघ्यांखाली तुटले होते. अण्णा म्हणाले, "हा पूर्ण कसा होता, ते कागदावर काढून दाखव."

मुलाने तासाभरात चित्र पुरे केले. वरच्या डाव्या हातात त्याने ज्वाला दिली, खालचा हात छातीवरून आडवा नेला. चित्र देखणे झाले होते. अण्णांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "हा आडवा हात तू कोठून आणलास?"

"आमच्या घरी कॅलेंडर आहे ना अण्णा, त्यावरच्या नटराजाचा हात असाच आहे."

"म्हणजे तू या देवाला दुसऱ्याचा हात लावलास," अण्णा म्हणाले आणि त्यांनी कागद घडी करून बाजूला ठेवला. मुलगा खट्टू झाला. हा वृद्ध माणूस एखाद्या कामाला क्वचितच चांगले म्हणे. पण त्या दिवशी त्याचा स्वर नेहमीहून कोरडा होता, एवढे खरे.

पुढच्या रविवारी दोघे लोकलने बोरीबंदरला उतरले आणि अपोलो बंदरावरून लाँचने घारापुरीला गेले. मुख्य लेण्यात उत्तरेच्या दाराने शिरले की उजव्या हाताला नृत्य करणाऱ्या शंकराचे प्रचंड शिल्प आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास अखंड कातळातून खोदलेले हे शिल्प आज फार भंगलेले आहे. मुलगा त्याच्याकडे पाहून म्हणाला, "अण्णा, याचे तर काहीच उरले नाही!"

"हात किती आहेत?"

मुलाने जेवढे दिसले तेवढे सांगितले. अण्णांनी मान हलवली. "हात संपतो कोठे ते पाहू नकोस. निघतो कोठून ते पाहा." मग मुलाने खांद्यांपासून मोजायला सुरुवात केली. कोणता दंड कोपराशी तुटला होता, कोणता मनगटाशी. पण फुटवे स्पष्ट होते. उजवीकडे चार, डावीकडे चार. एका उजव्या हातात परशू अजूनही होता आणि त्याच्या दांड्याला नागाने विळखा घातलेला दिसत होता.

"आता पाय सांग."

उजवी मांडी वर उचललेली होती आणि गुडघ्याजवळ तुटली होती. डावा पाय तर समूळ नाहीसा झाला होता. तो कसा होता हे सांगायला दगडात काहीच दिसेना. तेव्हा अण्णा म्हणाले, "तसा उभा राहा पाहू." मुलाने उजवी मांडी वर उचलली आणि तो लगेच डगमगला. तोल सांभाळण्यासाठी त्याची कंबर आपोआप डावीकडे सरकली, डावा गुडघा किंचित वाकला. जवळच उभ्या असलेल्या प्रवाशांना हसू आले. मुलाने मात्र एका पायावर उभ्या उभ्याच देवाच्या कमरेकडे पाहिले. तीही एका बाजूला झुकलेली होती. "नाहीशा झालेल्या पायाचा भार इथे उरला आहे," अण्णा हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा शिळेपुढे बसला, तो पेन्सिल न घेता. प्रथम त्याने छाती न्याहाळली. गळ्यातील हार आणि जानवे अखंड होते, प्रत्येक मणी नीट घासून पुरा केलेला होता. हात छातीवरून आडवा गेला असता, तर त्याखालचे मणी कोणी कशाला कोरले असते? शिवाय जेथे हात चिकटलेला असतो आणि तुटतो, तेथे दगड खडबडीत राहतो. छातीवर तसा चट्टा नव्हता. तो होता डाव्या कमरेवर, रुपयाएवढा. मुलाने त्यावरून बोट फिरवले आणि तो ओरडला, "अण्णा, याने हात कमरेवर ठेवला होता!"

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी सुतळी पुढे केली.

शिल्पकार मूर्तीचे माप फूटपट्टीने ठरवीत नाहीत. केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंत मुख जेवढे, तेवढा एक ताल, आणि तालाचे बारा भाग म्हणजे बारा अंगुळे. नऊ तालांच्या मूर्तीत मांडी दोन ताल, गुडघा चार अंगुळे, पोटरी दोन ताल आणि पाऊल चार अंगुळे उंच. पण ही मूर्ती त्याच मापाची होती कशावरून? मुलाने आधी शाबूत भाग तपासला. मुख सहा सेंटिमीटर भरले आणि उजवी मांडी बरोबर बारा. माप जुळले. तेव्हा पोटरीही बाराच असली पाहिजे. त्याने पहिल्या चित्रात ती नऊ काढली होती. नाचताना पाय वाकला तर मूर्तीची उंची कमी होते, हाड आखूड होत नाही.

नव्या चित्रात उरलेला दगड त्याने ठळक रेषेने काढला आणि अनुमानाचा भाग तुटक रेषेने. वरच्या डाव्या हाताचा दंड वर गेलेला होता. पण त्यात काय होते ते सांगणारी एकही खूण शिळेवर सापडली नाही. त्याने पुष्कळ शोधले. शेवटी ती मूठ त्याने काढलीच नाही.

संध्याकाळी देवळाचे वृद्ध पुजारी काठी टेकीत आले. ते पुष्कळ वर्षे त्या मूर्तीला चंदन लावीत असत. आता त्यांना दिसत नव्हते. अण्णांनी त्यांचा हात धरून शिळेवर ठेवला आणि मूर्ती आठवते का, असे विचारले. पुजाऱ्यांची बोटे कपाळावरून खांद्यावर, खांद्यावरून खाली आली आणि कमरेवरच्या खडबडीत चट्ट्यावर थांबली. "इथे हाताची पाठ लागायची," ते म्हणाले. मुलाचा श्वास क्षणभर अडकला.

"आणि वरच्या हातात काय होते, आजोबा?" त्याने विचारले.

पुजाऱ्यांनी हात उंच केला, हवेत थोडा चाचपला आणि खाली घेतला. "कोनाडा उंच होता, बाळ. तिथपर्यंत माझा हात कधी पोहोचलाच नाही."

ज्वाला द्यायची की सर्प, ते देवळाच्या मंडळींनी शास्त्र पाहून ठरवावे, असे अण्णांनी सांगितले. मग त्यांनी चित्र हातात घेतले, कोऱ्या मुठीजवळ तारीख घातली आणि ते नव्या शिळेच्या डोक्याशी भिंतीवर टाचून ठेवले. मुलाने छिन्नी उचलली.