खड्डा कुणाच्या हद्दीत?

नोव्हेंबर 2025 मधली गोष्ट. माझे धाकटे दीर सेकंड शिफ्ट संपवून रात्री मोटारसायकलवरून घरी येत होते. ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या शहरातून जाणारा तो मोठा रस्ता त्यांच्या रोजच्या पायाखालचा. एका वळणाजवळ पुढचं चाक खाली गेलं आणि ते उजव्या हातावर पडले. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण मनगटाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला, म्हणजे घरात येणारा पगारच थांबला.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेलो, तेव्हा कागद आधीच तयार होता. मोटारसायकल हयगयीने चालवून चालक स्वतःच्या दुखापतीस कारणीभूत ठरला, असं त्यात लिहिलेलं. खड्ड्याचा उल्लेखच नव्हता. माझे यजमान सही करायला पुढे झाले, तसा मी त्यांचा हात धरला. ठाण्यातले हवालदार म्हणाले, “ताई, दुसरी गाडीच नाही ना. मग दोष कुणावर टाकायचा?”

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. अपघाताची भरपाई म्हटली की लोकांना मोटार अपघात दावा प्राधिकरण आठवतं. तिथला दावा ज्या वाहनामुळे अपघात झाला त्याचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर असतो. भाऊजी एकटेच पडले होते. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. जुळून येणाऱ्या हाडाला त्यातून काही मिळत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 198-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आलं, तर यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होतो. पण तो जातो सरकारी अपघात निधीत, जखमीच्या हातात नाही.

आमच्या कामाचं जे होतं ते अगदी ताजं होतं. 13 ऑक्टोबर 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांविषयीच्या 2013 पासून चाललेल्या जनहित याचिकेत आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये, आणि दुखापत झाली तर तिच्या गांभीर्यानुसार 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई. महापालिकेच्या रस्त्यासाठी आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती ती ठरवते. पैसे द्यायला मुदत आहे, ती चुकली तर नऊ टक्के व्याज आहे, आणि दिलेली रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून वा ठेकेदाराकडून वसूल करायची आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं याच न्यायालयाने त्याआधीही सांगितलं होतं.

पण त्या समितीकडे जायचं, तर आधी रस्ता कुणाचा ते सांगावं लागतं. आमचा सगळा हिवाळा त्यातच गेला.

गावाकडे हे त्या मानाने सोपं असतं. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या प्राधिकरणाकडे किंवा राज्याच्या बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्यमार्ग. आमच्या शहरात मात्र असा दगड एकही उरलेला नाही. शिवाय मुंबईच्या आसपासच्या पट्ट्यात एकाच रस्त्याचा एक तुकडा पालिकेचा, पुढचा एमएमआरडीएने रुंद केलेला, त्यापुढचा रस्ते विकास महामंडळाचा आणि वळलात की एमआयडीसीचा. डांबर सगळीकडे सारखंच दिसतं.

पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात सांगितलं, “हा राज्यमार्ग आहे, बांधकाम खात्यात जा.” बांधकाम खात्याच्या उपविभागात सांगितलं, “तो आम्ही कधीच हस्तांतरित केला.” मग मी दोन्हीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. कुणाचा रस्ता असं विचारलं नाही. त्या रस्त्याची कोणत्या साखळीपासून कोणत्या साखळीपर्यंतची लांबी कुणाकडे आहे, हस्तांतरणाच्या आदेशाची प्रत, आणि त्या जागी रस्ता खोदायला शेवटची परवानगी कुणी कुणाला दिली, एवढंच मागितलं. साखळी म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेलं अंतर. बांधकाम खात्याच्या नोंदी त्यावरच चालतात. अमक्या दुकानासमोर, अमक्या देवळाजवळ असं लिहून तिथे काही हाती लागत नाही.

उत्तरात दोन्ही गोष्टी मिळाल्या. तो तुकडा पालिकेकडे सोपवलेला होता, आणि पावसाळ्यापूर्वी जलवाहिनीसाठी तो आडवा खोदायची परवानगीही पालिकेनेच दिली होती.

हा दुसरा कागद हातात आला तेव्हा मला खड्ड्याचा आकार समजला. पावसाने उखडलेला खड्डा वेडावाकडा, बशीसारखा असतो. भाऊजी पडले तिथे सरळ कडांचा लांबट पट्टा खचला होता. चर बुजवताना माती आणि खडी थोडी थोडी टाकून प्रत्येक थर दाबायचा असतो. एकदम भरून वर डांबराचा हात फिरवला, की पावसात आतली माती बसते आणि वरचा पट्टा खाली जातो. पाणी आणि पाऊस यांच्यावर ढकलता येईल असं हे नाही. काम घेणारे आणि ते तपासून घेणारे, दोघांचीही नावं कागदावर असतात.

हे सिद्ध करता आलं, ते भाऊजींच्या मित्राने त्याच रात्री काढलेल्या फोटोंमुळे. त्याने चरावर गाडीची चावी आणि हेल्मेट ठेवून फोटो काढले, एक फोटो लांबून, मागच्या दुकानाची पाटी दिसेल असा. तिसऱ्या दिवशी चर बुजवलेला होता. तक्रार आली की 48 तासांत खड्डा बुजवावा, असं न्यायालयाच्याच आदेशात आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच 48 तासांत जखमीचा पुरावाही बुजतो. पोलिसांनी अशा अपघाताची माहिती 48 तासांत समितीला कळवायची असते, तेही झालं नव्हतं. आमच्या लेखी अर्जावरून पोलिसांनी पुरवणी जबाब घेतला आणि त्यात चराची लांबी, रुंदी, खोली लिहिली.

आमचा अर्ज आता समितीपुढे आहे. सोबत पुरवणी जबाब, रुग्णालयाची कागदपत्रं, बुडालेल्या पगाराचा दाखला, भाऊजींचा परवाना आणि माहिती अधिकाराची दोन उत्तरं जोडली आहेत. या भरपाईमुळे दिवाणी दाव्याचा रस्ता बंद होत नाही, असं वकिलांनी सांगितलं. मात्र महापालिकेवर दावा लावायचा तर आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांत लावावा लागतो. प्लास्टर, ऑपरेशन आणि फिजिओथेरपीत सहा महिने कसे निघून जातात, ते ज्याच्या घरात हाड मोडलंय त्यालाच ठाऊक. म्हणून आम्ही नोटीस आधीच देऊन ठेवली.

तुमच्या घरात असं काही झालं, तर जखमीजवळ एकाने थांबा आणि दुसऱ्याला तेवढ्यात खड्ड्याचे फोटो काढायला पाठवा. डॉक्टरांना केसपेपरवर ‘खड्ड्यात गाडी जाऊन पडले’ असं लिहायला सांगा. आणि पोलीस ठाण्यात कागद पुढे आला, की अपघाताचं कारण म्हणून त्यात खड्डा लिहिला आहे का, हे वाचल्याशिवाय सही करू नका.