मास्तरांच्या चिठ्ठ्या

हॉटेलच्या मेनूत आणि वेबसाइटच्या मेनूत एक मोठा फरक आहे. हॉटेलात माणूस भुकेला येतो आणि काय खावे ते मेनू पाहून ठरवतो. वेबसाइटवर येणाऱ्याचे मात्र आधीच ठरलेले असते. ते कुठे सापडेल एवढेच त्याला हवे असते.

आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांनी वेबसाइट काढायचे ठरवले आणि आखणी माझ्याकडे आली. त्यांची यादी तयार होती : ‘आमच्याविषयी’, ‘आमची परंपरा’, ‘सेवा’, ‘छायाचित्रे’, ‘संपर्क’. मी म्हटले, “मास्तर, आठ दिवस थांबू या. गिऱ्हाईक जे विचारील ते त्याच्याच शब्दांत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाका.”

आठव्या दिवशी कापायच्या टेबलावर डबा उपडा केला. चाळीस चिठ्ठ्या निघाल्या. ‘अस्तराच्या ब्लाउजला कापड किती आणू?’, ‘फॉल-पिको कधी मिळेल?’, ‘सोमवारी दुकान उघडे असते का?’ परंपरेची चौकशी कुणीच केली नव्हती! सारख्या चिठ्ठ्या एकत्र केल्या तेव्हा चार ढीग झाले आणि तीच आमची चार पाने : ‘नवीन शिवणे’, ‘दुरुस्ती व फॉल-पिको’, ‘दर आणि मुदत’, ‘पत्ता व वेळ’. ‘सेवा’ हा शब्द गळाला, कारण त्याखाली काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. छायाचित्रांना वेगळे पान दिले नाही. गळ्यांचे नमुने ‘नवीन शिवणे’मध्येच बसले.

सगळ्यांत मोठा ढीग दुरुस्तीचा होता. मास्तरांचा चेहरा उतरला. “अहो, मी शिवणारा माणूस. माझी ओळख चेन बदलणारा म्हणून करून देता?” मी गप्प राहिलो.

मग कागदावरचा मेनू शेजारच्या वहिनींपुढे ठेवला. “मुलाच्या पँटची चेन बदलायची आहे. कुठे बोट ठेवाल?” बोट थेट ‘दुरुस्ती’वर गेले. “आणि घरी येऊन माप घेतात का, हे?” आता बोट ‘नवीन शिवणे’ आणि ‘दर’ यांच्यामध्ये घुटमळले. बोट घुटमळते तिथे आखणी कच्ची असते. ती माहिती आम्ही पहिल्या पानावर ठेवली आणि दुसऱ्यावरून तिकडे जायला दुवा दिला.

मोबाइलवर मेनू बहुधा तीन आडव्या रेघांमागे दडतो. म्हणून दुकानाची वेळ आणि दाबताच लागणारा फोननंबर प्रत्येक पानाच्या तळाशी घातला. दिवाळीचे कपडे कोणत्या तारखेपर्यंत घेणार, हे मात्र मुखपृष्ठावर एकाच जागी लिहिले. चार जागी लिहिलेली तारीख एका जागी बदलायची राहते आणि मग गिऱ्हाईक कापड घेऊन उगीच येते.

शेवटी क्रम लावायचा राहिला. मास्तर बराच वेळ कागदाकडे पाहत होते. मग त्यांनी खडूने बाण काढून ‘दुरुस्ती’ सर्वांत वर नेली.

“दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर उरलेले वर्ष घर हिच्यावरच चालते,” ते म्हणाले, आणि पुन्हा मशीनवर बसले.