काडतुसाचा काठ आणि मध्य

काडतूस उलटं धरून बूड पाहावं. मधोमध छोटी गोल टोपी बसवलेली दिसली तर ते सेंटरफायर. बूड सपाट आणि बिनटोपीचं असेल तर रिमफायर. त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेत आतून भरलेला असतो. झाडलेल्या पुंगळीवरूनही कळतं: पिनेचा ठसा एकीवर मधोमध, दुसरीवर काठावर. नुसत्या कडेवर मात्र जाऊ नये. जुन्या .३०३ च्या काडतुसालाही बाहेर आलेली कड असते, पण ते सेंटरफायरच.

*

पिनेच्या टोल्याने कड चेपली गेली पाहिजे, म्हणून रिमफायरचं पितळ पातळच ठेवावं लागतं. पातळ पितळ फार दाब सोसत नाही, म्हणून बारूद थोडी. .२२ लाँग रायफलची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर. .३०३ ची गोळी ११ ग्रॅमच्या वर आणि वेग दुपटीहून जास्त. ऊर्जेचा हिशेब केला तर .३०३ वीसपटीहून भारी भरते. ही तफावत शिकणाऱ्याच्या खांद्याला आधी कळते, मग कानाला.

*

खापा गावातल्या पोट्ट्यांच्या हाती पहिली खरी रायफल येते ती बहुधा एनसीसीच्या कॅम्पात, आणि ती .२२ च असते. एनसीसीत पुष्कळ वर्षं जी .२२ चालली, ती अंगाने जुनी ली-एनफिल्डच. लाकूड, बोल्ट, वजन सगळं लष्करी .३०३ चं; नळी तेवढी बारीक. मॅगझिनची पेटी पोकळ ठेवलेली, रिकाम्या पुंगळ्या तिच्यात पडायच्या आणि गोळी एकेक करून हाताने भरायची. एकेक भरण्यात घाई होत नाही, हा फायदा मला मोठा वाटतो. अवजार खऱ्या वजनाचं, फक्त दणका काढून घेतलेला.

*

दणक्याचं एवढं का? नवख्याला तो एकदा बसला की पुढच्या गोळीला शरीर आधीच सावध होतं. डोळा मिटतो, खांदा पुढे येतो, बोट चाप दाबायच्या ऐवजी झटकतं. त्याला स्वतःला हे कळत नाही, कारण धक्क्यात सगळं झाकून जातं. उस्ताद लोक यावर एक युक्ती करतात: न सांगता मधेच एक नकली काडतूस भरून देतात. चाप ओढला, आवाज नाही, आणि नळी मात्र खाली डुबकी मारते. मग सांगावं लागत नाही.

.२२ वर ही भीती मुळात बसतच नाही, म्हणून चूक लपत नाही. समजा, २५ मीटरवर पाच गोळ्या झाडल्या. पाचही छिद्रं उभ्या रेषेत एकाखाली एक आली, तर बहुतेक वेळा श्वास चालू असताना चाप दाबला गेलेला असतो. चार एकत्र आणि एकच दूर गेली, तर त्या एका वेळी काय केलं हे पोराला बहुधा आठवतं. पाचही एकत्र, पण मध्यापासून बाजूला गेल्या, तर पोराला बोलू नये, साइट सरकवावी. .३०३ वर या तिन्ही गोष्टींत दणक्याची भर पडून कागद वाचताच येत नाही.

*

रिमफायरची खोडही त्याच कडेत आहे. मसाला कडेत सारखा पसरला नसेल आणि पीन नेमकी कोऱ्या जागी पडली, तर गोळी सुटत नाही. अशा वेळी नळी निशाणाकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट उघडायचा. बाहेर आलेल्या काडतुसावर ठसा खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर पीन किंवा स्प्रिंग बघायची.

आणखी एक. रिकाम्या .२२ चा चाप सराव म्हणून टकटक ओढू नये. पुष्कळ जुन्या रायफलींत काडतूस नसलं की पीन थेट चेंबरच्या काठावर आदळते. तिथे खाच पडते आणि पुढे पुंगळ्या अडकू लागतात. सेंटरफायरमध्ये पिनेसमोर मोकळं भोक असतं, म्हणून तिथे हे होत नाही.

*

.२२ म्हणजे पोरांचं, असंही नाही. राधानगरीजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते याच काडतुसावर. पन्नास मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं.

*

रानडुकरांनी शेत नासवलं की .२२ घ्यावी का, असं गावात विचारतात. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी उत्तर नाही असंच. एवढ्या गोळीने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन झुडपात शिरतं.

आणि कन्हान नदीच्या पात्रात नेम धरून पाहू, असं कुणी म्हणालं तर सरळ अडवा. तिरप्या कोनात शिशाची गोळी पाण्यावरून उसळते, आणि .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मागे मातीचा उंच बांध नसेल तिथे ही रायफल पिशवीतून काढूच नका.